८० वरून थेट २२०? पॉलिश पेपरच्या नंबरांतल्या या चुका टाळा

घासलेली फळी हाताला गुळगुळीत लागते आणि स्टेन लावला की ओरखडे वर येतात. दोष बहुतेक वेळा स्टेनचा नसतो, मधला एखादा नंबर गाळलेला असतो.

पॉलिश पेपरच्या मागे छापलेला नंबर जितका मोठा, तितके कण बारीक. ८० नंबरचे कण साधारण ०.२ मिलिमीटरचे, १८० चे ०.०८ च्या आसपास. प्रत्येक कण आपल्या मापाचा चर पाडतो आणि पुढच्या नंबरने तो चर काढून त्याजागी स्वतःचा उथळ चर सोडायचा असतो. ८० नंतर थेट २२० घेतला, तर तो वरचे उंचवटे तेवढे घासतो, चरांचे तळ तसेच राहतात. बोटांना उंचवटेच लागतात, म्हणून फसगत होते. स्टेन मात्र तळात साचतो आणि तिथे गडद रेघ उमटते.

म्हणून पुढचा नंबर आधीच्या साधारण दीडपट घ्यावा: ८०, १२०, १८०.

समजा, टेबलाच्या फळीवर मशीनच्या रंध्याच्या लाटा आहेत. सगळ्यात जास्त वेळ ८० लाच द्यायचा, आणि नेमकी इथेच घाई होते. लाटा १२० ने जातील ही आशा फोल आहे. पेन्सिलीने फळीभर फिकट रेघा मारा आणि त्या पुसल्या जाईपर्यंत लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासा. त्याने हात सगळीकडे सारखा फिरला एवढंच कळतं. लाटा गेल्या की नाही, हे पाहायला टॉर्च फळीलगत आडवा धरा. उरलेल्या खुणांची सावली पडते. मग भुसा नीट झाडून १२० घ्या. ८० चा एखादा सुटा कण राहिला, तर तो नव्या कागदाखाली सापडून पुन्हा ओरखडा पाडतो. फळी आधीच सपाट असेल, तर सुरुवातच १२० ने करा.

१८० नंतरही खोल ओरखडा दिसला, तर त्याच कागदाने रेटत बसू नका. १२० वर परत या आणि तेवढाच ठिपका नाही, तर आजूबाजूचा भागही घासा, नाहीतर तिथे खळगा पडेल.

काही कागदांवर नंबरापुढे पी असतो. तो युरोपीय मापाचा, बिनपीचा अमेरिकी मापाचा. २२० पर्यंत दोन्ही जवळपास सारखेच, त्यामुळे कोऱ्या लाकडासाठी चिंता नको. त्यापुढे ती फारकत घेतात: बिनपीचा ४०० हा पी ८०० इतका बारीक असतो.

स्टेन आणि वार्निशसाठी १८० वर थांबलेलं चालतं. ३२० पर्यंत नेलं, तर स्टेन नीट मुरत नाही आणि रंग फिका बसतो. फळीची कापलेली टोकं मात्र स्टेन जास्त पितात आणि काळवंडतात. तेवढ्याच जागी २२० किंवा २४० फिरवा, म्हणजे रंग बाकी फळीशी जुळतो.