नोंदवहीतल्या बेअरिंगवरून प्लॉटचे कोपरे कसे काढावेत

होकायंत्र आणि टेप घेऊन प्लॉटभोवती फिरून झालंय आणि एका कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश हाताशी आहेत, असं धरतो. एवढ्याशा प्लॉटसाठी पृथ्वीच्या गोलाईची लांबलचक सूत्रं कोणी सुचवली, तर ती बाजूला ठेवा. शे-दोनशे मीटरला सपाट जमिनीचा हिशेब पुरतो.

एक्सेलमध्ये B रकान्यात उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेलं बेअरिंग आणि C मध्ये मीटर भरा. पहिलं सूत्र उत्तरेकडची सरक देतं, दुसरं पूर्वेकडची.

```
=C2*COS(RADIANS(B2))
=C2*SIN(RADIANS(B2))
```

RADIANS गाळू नका. एक्सेलला अंश कळत नाहीत.

आता बहुतेक जण थेट नकाशावर ठिपके टाकतात. तसं करू नका. आधी दोन्ही बेरजा बघा, कारण फेरी मारून तुम्ही मूळ कोपऱ्यावरच परतलात, म्हणजे त्या शून्याजवळ यायलाच हव्यात. समजा चार बाजू अशा आहेत: ६० अंश ४० मीटर, १५२ अंश ३० मीटर, २४१ अंश ३९ मीटर, ३३० अंश २९ मीटर. उत्तरेची बेरीज उणे ०.२८ येते, पूर्वेची ०.११. म्हणजे १३८ मीटरच्या फेरीत सुमारे ३० सेंटिमीटरची चूक. होकायंत्राच्या कामाला ही चालते. प्रत्येक बाजूच्या लांबीच्या प्रमाणात उलट चिन्हाने वाटून टाका.

मोठी चूक मात्र वाटायची नसते, शोधायची असते. वरच्या दुसऱ्या बाजूचं बेअरिंग मागे वळून घेतलं आणि १५२ ऐवजी ३३२ लिहिलं, तर चूक जवळपास ६० मीटर येते, म्हणजे त्या बाजूच्या दुप्पट, आणि तिची दिशाही ३३२ अंशच. दिशा एखाद्या बाजूशी जुळते पण लांबी टेपएवढी आहे? मग त्या बाजूला टेपची एक खेप मोजायची राहिली किंवा जास्त मोजली गेली. चूक बाजूला काटकोनात असेल, तर त्या बाजूचं बेअरिंग तपासा. तारेचं कुंपण किंवा जवळ उभी गाडी सुई हलवते.

आणि बेरीज शून्य आली म्हणून निर्धास्त होऊ नका. टेप ताणून लांबला असेल किंवा होकायंत्र सगळीकडे सारखंच दोन अंश चुकत असेल, तरी आकृती सुबक मिटते, फक्त लहान किंवा फिरलेली असते. हे कागदावर कळत नाही. दूरचे दोन ठळक खुंट उपग्रह-छायाचित्रावर जुळवून बघा.

शेवटी मीटरचे अंश. पुण्याच्या आसपास, १८.५ अक्षांशावर, अक्षांशाचा एक अंश सुमारे १,१०,६८६ मीटर, पण रेखांशाचा १,०५,६०२. दोन्हीकडे एकच आकडा वापरला तर ३४.६४ मीटरच्या सरकीत दीड मीटरहून जास्त फरक पडतो. सुरुवात १८.५०००००, ७३.९००००० असेल, तर ६० अंशांवर ४० मीटर गेल्यावर, चूक वाटण्याआधी, पुढचा कोपरा १८.५००१८१, ७३.९००३२८.

शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असेल, तर हा हिशेब दाखवून उपयोग नाही. त्याला भूमी अभिलेखची मोजणीच लागते.