पावसाळ्यात कोर्ट बदललं, शूज तेच? या चुका टाळा

नागपुरात पाऊस धरला की टेनिसच्या क्ले, म्हणजे मातीच्या कोर्टवर चिखल होतो आणि तिथली मंडळी हार्ड कोर्टवर खेळायला जातात. पार्टनर तोच, रॅकेट तीच, शूजही तेच. मग काही आठवड्यांत कुणी ना कुणी गुडघा चोळत बसलेलं दिसतं.

क्लेच्या शूजचा तळवा उलटा करून पाहा. टाचेपासून चवड्यापर्यंत एकसारख्या नागमोडी खाचा असतात, त्यालाच हेरिंगबोन म्हणतात. त्या मातीत रुततात आणि अडकलेली माती सोडूनही देतात. रबर बहुधा मऊ, कारण मातीवर ते फारसं झिजत नाही. हार्ड कोर्टच्या ॲक्रिलिक रंगात मात्र वाळू मिसळलेली असते, तिथे हे रबर भराभर घासलं जातं. म्हणून हार्ड कोर्टच्या शूजचं रबर जाड आणि कडक, आणि चवड्याखाली वळण्यासाठी बऱ्याचदा वेगळी नक्षी.

आमच्या ग्रुपमधल्या एका काकांचंच घ्या. पन्नाशी ओलांडलेले, उजव्या हाताने खेळणारे. सर्व्हिस करताना उजवा पाय घासत येतो, म्हणून उजव्या शूजचा अंगठ्याकडचा भाग पार गेला होता. ते चिडले होते त्या भोकावर, पण दुखत होता डावा गुडघा! सर्व्हिसनंतर अंगाचा सगळा भार डाव्या पायावर येतो. डाव्या शूजच्या खाचा तर शाबूत होत्या. अंगठ्याने तळव्याच्या वरचा फोम दाबला, तर तो दबेचना, आणि कडेला आडव्या सुरकुत्या पडलेल्या. फोम मेला होता. क्लेवर पाय थोडा घसरत थांबतो, त्यामुळे हे खपून गेलं. हार्ड कोर्टवर पाय जागीच थांबतो आणि तो धक्का थेट गुडघ्याला बसतो. त्यामुळे खाचा शिल्लक आहेत एवढ्यावरून शूज चांगले ठरवू नका.

घोट्याचं दुखणं वेगळ्या सवयीतून येतं. क्लेवर घसरत बॉल गाठायची सवय लागलेला माणूस हार्ड कोर्टवर तसंच करायला जातो. पाय चिकटतो, अंग पुढे जातं आणि घोटा बाहेरच्या बाजूला मुरगळतो. टीव्हीवरचे खेळाडू हार्ड कोर्टवरही घसरतात, पण आपण त्या वाटेला जाऊ नये. रनिंग शूजमध्ये हा धोका आणखी वाढतो, कारण टाच उंच आणि बाजूचा आधार जवळजवळ नाहीच.

दिवाळीच्या सुमारास उलटी चूक होते. हार्ड कोर्टचे शूज क्लेवर आले की उथळ खाचांत माती बसते आणि तळवा गुळगुळीत होतो. दोन-चार पॉइंट्सनंतर रॅकेटने शूज ठोकून माती पडते का ते बघा. लगेच पुन्हा भरत असेल, तर त्या जोडीने क्लेवर जोरात पळू नका.

दोन जोड घेणं शक्य नसेल तर हार्ड कोर्टचाच घ्या, क्लेवर तो निदान टिकतो तरी. आणि मे महिन्यात शूज गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हाने गोंद सुटतो. गुडघा सुजला असेल, तर शूज बदलत बसण्याआधी डॉक्टरांना दाखवा.