मसाल्याच्या तुलना-तक्त्यात भाव कुठे चुकत होता

कांदा-लसूण मसाल्याच्या तक्त्यात आमचं २५० ग्रॅमचं पाकीट १५० रुपयांना, कोल्हापुरातल्याच दुसऱ्या घरगुती विक्रेत्याचं ५०० ग्रॅमचं ३१० ला. किलोला ६०० आणि ६२०, म्हणजे आम्हीच स्वस्त दिसायचो. घोळ ‘घरपोच’च्या रकान्यात होता: दोघांनाही ✓, पण आमचे कुरिअरचे ५० रुपये वेगळे, त्यांचं फुकट. मग B मध्ये किंमत, C मध्ये कुरिअर, D मध्ये ग्रॅम भरून हे सूत्र टाकलं:

```
=(B2+C2)/D2*1000
```

आमचा भाव निघाला ८००, त्यांचा ६२०च. आता एका पाकिटावरही घरपोच फुकट असेल तरच ✓. नाहीतर रकाना रिकामा आणि अट शेऱ्यात, भाव पाहिल्याच्या तारखेसकट. D मध्ये नुसता आकडा लिहा. पुढे ‘ग्रॅम’ लिहिलंत की `#VALUE!` येतं.