चाव्यांची बातमी कोण कशी वाचतं: प्रेक्षक-मुलाखतींना निघण्याआधीची तयारी

मुलाखतींचं वेळापत्रक ठरवण्याआधी एकच बातमी निवडा आणि ती फाईल म्हणून जपून ठेवा. "पुनर्विकासाच्या बातम्या लोक कशा बघतात" असा मोकळा विषय घेऊन वरळीला गेलात तर लोक पुनर्विकासावर बोलतील, बातमीवर बोलणार नाहीत. माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी 1973 साली मांडलेलं एन्कोडिंग-डिकोडिंगचं प्रारूप संदेशाच्या वाचनाबद्दल आहे: बातमी करणारे तिच्यात अर्थ भरतात ते एन्कोडिंग, आणि बघणारे तो आपापल्या परीने लावतात ते डिकोडिंग. म्हणून सगळ्या गटांनी तीच बातमी त्याच लांबीची, एकही फ्रेम न कापता बघायला हवी.

पुढच्या तयारीसाठी एक उदाहरण धरून चालू. समजा, एका मराठी वाहिनीवरची अडीच मिनिटांची बातमी आहे. मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळीतल्या भाडेकरूंना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 1920च्या दशकात बांधलेल्या या चाळींत खोली 160 चौरस फुटांची, आणि पुनर्विकासात मिळणारं घर 500 चौरस फुटांचं. बातमी ड्रोनमधून दिसणाऱ्या टॉवरने सुरू होते. मग मंचावर मंत्री चावी देतात, नऊवारीतल्या आजी डोळे पुसतात, एक गृहिणी मोठ्या स्वयंपाकघराबद्दल बोलते. खाली पट्टी: "चाळकरी झाले टॉवरवासी". शेवटी निवेदिका म्हणते, "देखभाल खर्चाबद्दल काही रहिवाशांनी चिंता व्यक्त केली असली तरी आजचा दिवस स्वप्नपूर्तीचा ठरला."

आता या बातमीचं एन्कोडिंग कागदावर उतरवा, आणि त्यासाठी दोन दिवस तरी राखून ठेवा. प्रत्येक शॉटसमोर कोण दिसतं, कोण बोलतं, बोलणाऱ्याला काय म्हणून ओळखलं जातं आणि निवेदन काय सांगतं, हे लिहा. मग वाक्यरचनेकडे वळा. चिंता "असली तरी"च्या आत ठेवली आहे. तिला चेहरा नाही, आवाज नाही, आकडा नाही, आणि मुख्य वाक्य स्वप्नपूर्तीला दिलं आहे. "काही रहिवासी" कोण तेही कळत नाही. शेवटी जे दाखवलंच नाही ते लिहा. त्याच जमिनीच्या उरलेल्या भागावर विक्रीसाठीच्या इमारती उभ्या राहणार आहेत आणि प्रकल्पाचा खर्च त्यातून निघणार आहे, याचा बातमीत उल्लेख नाही. या सगळ्यातून बातमी पुढे करत असलेला अर्थ एका वाक्यात बांधा: "सरकारने शब्द पाळला, चाळकऱ्यांचं भलं झालं, तक्रारी किरकोळ आहेत." वाक्याच्या प्रत्येक भागाला बातमीतला पुरावा जोडता आला पाहिजे.

हेच काम दुसऱ्या कोणाकडून तुमचं न दाखवता करून घ्या. दोघांची वाक्यं फार वेगळी निघाली तर बातमी बदला किंवा वाचन पुन्हा करा. नाहीतर तुमचं स्वतःचं डिकोडिंगच बातमीचा अर्थ म्हणून पुढे जाईल, आणि नंतर लोकांना त्याच्याशी ताडून "विरोधी" ठरवलं जाईल. जमलं तर डेस्कवरच्या किंवा फील्डवरच्या एखाद्या पत्रकाराशी अर्धा तास बोला: प्रेसनोट आली होती का, मंत्र्यांची बाइट कोणी कापली, शेवटचं वाक्य कोणी लिहिलं. हॉलच्या मांडणीत एन्कोडिंग म्हणजे निर्मितीची दिनचर्या, कामाच्या सवयी आणि गृहीतकंही. एका माणसाचा हेतू शोधून ते पूर्ण होत नाही.

मुलाखतींआधीची खरी कसोटी पुढे आहे, आणि घाईत नेमकी हीच गाळली जाते. हॉलच्या प्रारूपात बघणाऱ्याच्या तीन भूमिका आहेत: वर्चस्वाच्या चौकटीतली, तडजोडीची आणि विरोधी. तिन्हींसाठी कोणतं उत्तर पुरावा मानायचं ते आधीच लिहून ठेवा. वर्चस्वाच्या चौकटीतलं वाचन असं ऐकू येईल: "घेतली बाबा चावी एकदाची. इतकी वर्षं नुसती आश्वासनं होती." माणूस बातमीच्याच शब्दांत बातमी सांगतो आणि त्याला वेगळं काही सुचवावंसं वाटत नाही. तडजोडीचं वाचन मोठा नियम मान्य करतं आणि स्वतःच्या जागी अपवाद काढतं: "घर मिळालं हे चांगलंच झालं, पण आमच्या बाबांच्या पेन्शनमध्ये तिथला मेंटेनन्स कसा बसणार?" हॉलने दिलेलं उदाहरणही असंच आहे. कामगार देशहितासाठी वेतनवाढ रोखणं मान्य करतो, आणि आपल्या कारखान्यात पगारासाठी संपालाही तयार असतो.

विरोधी वाचनाची व्याख्या मात्र नीट धरा. त्यात माणसाला बातमीचा सूचित अर्थसुद्धा पुरता कळलेला असतो, आणि तो ती उचलून दुसऱ्या चौकटीत ठेवतो: "चाव्या दाखवल्या की बाकीच्या जमिनीचं कोणी विचारत नाही. ही घराची बातमी नाही, जमिनीची आहे." याउलट "लिफ्ट बंद पडते, मंत्री नुसते फोटो काढतात" ही तक्रार झाली. बोलणारा रागावलेला आहे, तरी पुनर्विकास म्हणजे चाळकऱ्यांचं भलं हे गृहीतक त्याने हलवलेलं नाही. अशा उत्तरानंतर विचारायचा प्रश्न आत्ताच लिहून ठेवा: "मग या बातमीत काय दाखवायला हवं होतं?" उत्तरात "लिफ्टचं दाखवा" आलं तर ती तडजोड. "कोणाला किती जमीन मिळाली ते दाखवा" आलं तर दिशा वेगळी आहे.

या तीन कप्प्यांशेजारी आणखी तीन प्रश्नांची जागा ठेवा. बातमी समजली का, समजली तर पटली का, आणि मुळात स्वतःशी संबंधित वाटली का? माध्यम-अभ्यासक डेव्हिड मॉर्ले यांनी बीबीसीच्या 'नेशनवाइड' कार्यक्रमाचे दोन भाग 29 गटांना दाखवून हॉलचं प्रारूप तपासलं. अभ्यास 1980 साली प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतः लिहिलं की आकलन आणि सहमती एकाच पट्टीवर मोजली गेली. त्यांच्याकडे काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गट होते. कार्यक्रमाला विरोध करण्याइतकंही त्यांना त्यात आपलं वाटलं नाही, ते गप्प राहिले. बँक मॅनेजरांनी आशयावर जवळजवळ काहीच म्हटलं नाही, कारण त्यांना तो उघड सत्यासारखा वाटला. त्यांचा आक्षेप होता तो सादरीकरणाच्या हलक्याफुलक्या ढंगाला. दोन्हीकडे गप्पपणा, पण कारणं अगदी उलट. त्यामुळे नोंदवहीत "बोलले नाहीत" एवढंच लिहू नका. का बोलले नसतील हे त्याच बैठकीत विचारून घ्या.

मग गट ठरवा. मॉर्लेंच्या निष्कर्षातला सर्वात उपयोगी भाग असा की वर्ग आणि वाचन यांची सरळ जोडी लागली नाही. कामगारवर्गातले शिकाऊ तरुण बँक मॅनेजरांच्या जवळ निघाले, तर कामगार संघटनेचे प्रतिनिधी विरोधी टोकाला. भेद आला तो संघटनेतून आणि तिथे शिकलेल्या भाषेतून. म्हणून नुसतं "चाळ विरुद्ध फ्लॅट" असं लावू नका. आपल्या उदाहरणात मी चार गट घेईन: चावी मिळालेली कुटुंबं, अजून संक्रमण शिबिरात असलेली कुटुंबं, भाडेकरू संघटनेत वर्षानुवर्षं बैठका करणारे कार्यकर्ते, आणि दादर किंवा पार्ल्याच्या एखाद्या हाउसिंग सोसायटीच्या कमिटीतले लोक. पहिल्या तिघांचा पत्ता जवळजवळ एकच आहे. तिथल्या तिथे वाचन फुटलं तर पत्ता आणि उत्पन्नाशिवाय दुसरं काहीतरी काम करतं आहे हे दिसेल. चौथा गट तुलनेसाठी.

प्रत्येक प्रकारच्या दोन बैठका, बैठकीला चार-पाच माणसं, आणि माणसं एकमेकांना आधीच ओळखणारी असावीत. त्यांच्यात आधीपासून चालू असलेली भाषा ऐकायची आहे. पण घरातली सगळी एकत्र बसली की कर्ता पुरुष बोलतो आणि सून चहा करायला उठते, हे गृहीत धरा. काकू, मावशी, वहिनींची बैठक वेगळी ठेवा, दुपारी कामं आटोपल्यावर. नळाला पाणी यायची वेळ आणि गणपतीच्या आधीचा आठवडा टाळा. चाळीत दार उघडं असतं, शेजारी येऊन उभे राहतात. त्यांना हाकलू नका, मात्र कोण केव्हा आलं ते टिपा, कारण त्यानंतर उत्तरं बदलतात. मॉर्लेंनी कार्यक्रम लोकांच्या घराबाहेर, ते शिकत होते त्या ठिकाणी दाखवला होता आणि पुढे घरात जाऊन वेगळा अभ्यास केला. तुमचंही दाखवणं हे रोजचं बघणं नाही. रोज ही बातमी कदाचित भाजी चिरताना कानावर पडली असती. म्हणून "घरी लागली असती तर कुठवर बघितली असती?" हा प्रश्न यादीत असू द्या.

प्रश्नांचा क्रम पाठ करा. बातमी एकदाच दाखवा आणि पहिल्यांदा एवढंच विचारा: "ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगायची झाली तर कशी सांगाल?" या सांगण्यात बहुतेक सगळं येतं: कोणती पात्रं उरली, आजी आधी आल्या की मंत्री, "असली तरी"चं वाक्य गळून पडलं का. त्यानंतर बातमी कोणाच्या बाजूने बोलते असं वाटलं ते विचारा, मग पटलं का, आणि शेवटी त्यांचं स्वतःचं पुनर्विकासाबद्दलचं मत. मत आधी विचारलंत तर बातमीवरची प्रत्येक प्रतिक्रिया त्याला जुळवून येईल. "लाभार्थी", "स्वप्नपूर्ती", "बिल्डर" हे शब्द तुम्ही आधी उच्चारू नका. ते कोण आणि कधी काढतो, हीच तर नोंद हवी आहे.

रेकॉर्डरआधी संमती घ्या, आणि ती सहीपुरती नको. ज्यांची पात्रता अजून अडकली आहे त्यांना आपलं बोलणं कार्यालयापर्यंत जाईल अशी रास्त भीती असते. खोली क्रमांक आणि नाव कुठेही लिहिणार नाही हे सांगा आणि खरंच लिहू नका. एका बैठकीच्या तासभर रेकॉर्डिंगला उतरवून काढायला पाच-सहा तास धरा, माणसं एकावर एक बोलत असतील तर जास्त. एक चाचणी बैठक या चार गटांबाहेर घ्या. तिथे पहिल्याच प्रश्नाला "काय सांगणार, बातमी आहे" असं उत्तर आलं, तर प्रश्न बदलायला अजून वेळ आहे.

वर्गीकरणासाठी तक्ता करताना ओळ माणसाची नको, विधानाची ठेवा. एकच काका पहिल्या दहा मिनिटांत वर्चस्वाच्या चौकटीत बोलतात आणि देखभाल खर्चावर आल्यावर तडजोडीकडे सरकतात. माणसाला एक शिक्का मारलात तर ही सरक हरवते. प्रत्येक विधानासमोर चार रकाने: समजलं, पटलं, आपलं वाटलं, आणि भूमिका. भूमिकेच्या रकान्यात "कशातच बसत नाही" हा पर्याय हवाच. तुमच्यासोबत आणखी एकाने काही पानांचं वर्गीकरण स्वतंत्रपणे करावं, आणि जिथे फरक पडेल तिथे आधी लिहिलेल्या पुराव्यांकडे परत जावं. शेवटची नोंद पहिल्या बैठकीच्या आधीच्या तारखेने करून ठेवा: काय दिसलं तर आपला अंदाज चुकला असं मानायचं. चावी मिळालेल्यांमध्ये आणि संघटनेच्या कार्यकर्त्यांमध्ये बातमी सांगण्याची रीत सारखीच निघाली, तर संघटनेमुळे वाचन बदलतं हा आपला अंदाज इथे टिकत नाही, आणि अहवालात तसंच लिहायचं आहे.