ऑर्थोमोझॅक तीन मीटर सरकलाय? व्हेंडरला तक्रारीचं पत्र लिहिताना या चुका टाळा

ड्रोन सर्व्हेचा ऑर्थोमोझॅक आला, क्यूजीआयएसमध्ये उघडला, त्यावर आपले कंट्रोल पॉइंट टाकले आणि प्रत्येक पॉइंट जमिनीवरच्या खुणेपासून दोन-तीन मीटर लांब पडला. अशा वेळी रागाच्या भरात जे पत्र जातं त्यात सहसा एवढंच असतं: ‘आपला डेटा चुकीचा आहे, काम पुन्हा करून द्या.’ व्हेंडरचं उत्तरही ठरलेलं असतं: ‘आमच्या रिपोर्टमध्ये एरर २ सेंटिमीटर आहे, तुमचे पॉइंट तपासा.’ तिथून पुढे नुसती टोलवाटोलवी.

फरक किती आहे यापेक्षा तो कसा पसरलाय, हे पत्रात दिसलं तर ही टोलवाटोलवी बहुतेक वेळा सुरूच होत नाही. पण त्याआधी दोन गोष्टी आपल्याच घरात तपासून घ्याव्या लागतात.

चूक: बेसमॅपवर टाकलेला स्क्रीनशॉट पुरावा म्हणून जोडणं

ऑनलाइन सॅटेलाइट बेसमॅप स्वतःच काही मीटर इकडेतिकडे असू शकतो आणि तेही जागेनुसार वेगवेगळा. ‘गुगलवर रस्ता जुळत नाही’ असं लिहिलंत की व्हेंडरला हात झटकायला आयतं कारण मिळतं. तुलना फक्त मोजलेल्या कंट्रोल पॉइंटशी करा, आणि तीही जमिनीलगतच्या खुणांशी. इमारतीच्या छताचा कोपरा घेऊ नका. साध्या ऑर्थोमध्ये उंच वस्तूंचा माथा बाजूला झुकलेला दिसतो आणि तो झुकावच मीटरभर असू शकतो.

मोजण्याआधी फाइलची कोऑर्डिनेट सिस्टीम बघा:

```
gdalinfo ortho.tif
```

समजा तुमचे पॉइंट `EPSG:32643` मध्ये आहेत आणि ऑर्थो दुसऱ्याच डेटमवर आलाय. क्यूजीआयएस दोन्ही एकाच कॅनव्हासवर बिनबोभाट दाखवेल. रूपांतर अचूक झालं की ढोबळ, हे नकाशाकडे बघून कळत नाही. काही डेटमच्या जोड्यांमध्ये एवढ्यानेच एक-दोन मीटरचा फरक पडतो. तसं असेल तर पत्राचा विषयच बदलतो: ठरलेल्या सिस्टीममध्ये डेटा दिला नाही, ही तक्रार वेगळी आणि सोडवायलाही सोपी.

चूक: आपले कंट्रोल पॉइंट निर्विवाद आहेत असं धरून चालणं

ऑर्थो आणि कंट्रोल यांच्यात सगळीकडे सारखाच फरक असेल, तर दोघांपैकी कोणीतरी सरकलंय एवढंच सिद्ध होतं. कोण, ते नाही. तुमच्या सर्व्हेअरने जीएनएसएस बेस अनोळखी जागी लावून रिसीव्हरने स्वतःच काढलेली पोझिशन तशीच स्वीकारली असेल, तर तुमचे सगळे पॉइंट एकमेकांशी सेंटिमीटरात जुळतील आणि तरीही सगळे मिळून दोन मीटर चुकलेले असतील.

म्हणून किमान एका कंट्रोल पॉइंटवर काही तासांचं स्टॅटिक ऑब्झर्व्हेशन घेऊन ते कायमस्वरूपी रेफरन्स स्टेशनवरून प्रोसेस करा आणि जुन्या किमतीशी ताडून पाहा. दोन्ही काही सेंटिमीटरात जुळल्या तर पत्र लिहायला हरकत नाही. पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य तेच असेल.

दुसरा सापळा टोटल स्टेशनचा. कंट्रोल पॉइंट जमिनीवरच्या प्रत्यक्ष अंतरांनी काढले असतील आणि ऑर्थो यूटीएममध्ये असेल, तर फरक सुरुवातीच्या पॉइंटपासून लांब जावं तसा वाढत जातो. मध्य रेखावृत्तावर यूटीएमचा स्केल फॅक्टर ०.९९९६ असतो, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ४० सेंटिमीटर. तीन किलोमीटर लांब साइटच्या दुसऱ्या टोकाला हाच फरक मीटरभराच्या पुढे जातो. यात व्हेंडरचा काही दोष नाही. तक्रारीनंतर हे उघड झालं तर नाक कापलं जातं ते आपलं.

चूक: ‘सुमारे तीन मीटरचा फरक आहे’ एवढंच लिहिणं

नुसत्या अंतरातून कारण कळत नाही. पूर्व-पश्चिम किती आणि उत्तर-दक्षिण किती, हे प्रत्येक पॉइंटला चिन्हासकट लिहायला हवं. ऑर्थोवर पूर्ण झूम करून खुणेच्या मध्यावर क्लिक करा, कोऑर्डिनेट नोंदवा आणि त्यातून कंट्रोलची किंमत वजा करा. उदाहरणादाखल २.५ सेंटिमीटर पिक्सेलच्या एका ऑर्थोचा हा तक्ता पाहा:

| पॉइंट | पूर्व फरक (मी.) | उत्तर फरक (मी.) |
|---|---|---|
| १ | +१.८४ | −२.३१ |
| २ | +१.७९ | −२.३६ |
| ३ | +१.८७ | −२.२८ |
| ४ | +१.८२ | −२.३४ |
| ५ | +१.८० | −२.२९ |
| ६ | +१.८६ | −२.३४ |

सरासरी पूर्वेला १.८३ आणि दक्षिणेला २.३२, म्हणजे एकूण साधारण २.९५ मीटर. पण खरी बातमी पुढे आहे. ही सरासरी प्रत्येक ओळीतून वजा केली तर कोणत्याही दिशेत ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त काही उरत नाही. याचा अर्थ ऑर्थोचा आकार आणि स्केल ठीक आहे, सगळं चित्र एकसंध उचलून तीन मीटर बाजूला ठेवलं गेलंय. अशा ठेवणीत पहिला संशय बेस स्टेशनवर जातो: बेसला ज्ञात कोऑर्डिनेट न देता रिसीव्हरने स्वतः काढलेली पोझिशन वापरली. आरटीके ड्रोनची अचूकता बेसच्या तुलनेत असते. बेस तीन मीटर चुकला की सगळे फोटो तेवढेच, त्याच दिशेला चुकतात. व्हेंडर स्वतःच्या बेस लॉगमधून हे थोडक्या वेळात पडताळू शकतो.

ठेवण वेगळी असेल तर संशयही बदलतो. साइटचा अर्धा भाग एका दिशेला आणि उरलेला दुसऱ्या दिशेला सरकला असेल, तर दोन दिवस उडवलंय आणि दुसऱ्या दिवशी बेसने नवी पोझिशन घेतली, असं बऱ्याचदा निघतं. एकाच कोपऱ्यात फरक मोठा आणि बाकी सगळीकडे किरकोळ असेल, तर तिथला जीसीपी चुकीच्या फोटो-खुणेवर टाकला गेला असावा. फरकांना कसलीच शिस्त नसेल, एक मीटर इकडे, दोन तिकडे, तर आरटीके फिक्स टिकलाच नव्हता किंवा जीसीपी वापरलेच नव्हते, असं विचारायला जागा आहे.

चिन्हाचा नियम मात्र पत्रात शब्दांत लिहा. ‘ऑर्थो वजा कंट्रोल’ की उलट, हे स्पष्ट नसेल तर समोरचा माणूस दुरुस्ती उलट्या दिशेने लावेल आणि २.९५ चा फरक ५.९ मीटर होऊन परत येईल.

उंचीचा फरक या तक्त्यात घुसडू नका. एलिप्सॉइडवरची उंची आणि समुद्रसपाटीवरची उंची यांत कित्येक दहा मीटरांचं अंतर असू शकतं. त्याचं कारणही वेगळं आणि उपायही. हवं तर त्यासाठी वेगळा परिच्छेद लिहा.

चूक: रिपोर्टमधल्या आरएमएसईशी तिथल्या तिथेच भांडणं

‘एरर २ सेंटिमीटर’ हा आकडा खोटा असेलच असं नाही. पण तो बहुधा ज्या जीसीपींना धरून मॉडेल बसवलं त्यांचाच उरलेला फरक असतो, किंवा फोटोंच्या जिओटॅगशी मॉडेल किती जुळलं त्याचा. जिओटॅगच तीन मीटर सरकलेले असतील तर चुकीच्या जागीही मॉडेल उत्तम जुळतं. पत्रात एवढंच विचारा: प्रोसेसिंगमध्ये न वापरलेल्या चेकपॉइंटवर आरएमएसई किती? उत्तर नाही आलं तर तेच उत्तर.

पिक्सेल साइज आणि अचूकता यांचीही गल्लत करू नका. वर्क ऑर्डरमध्ये फक्त ‘जीएसडी २.५ सेंटिमीटर’ लिहिलं असेल, तर सरकलेला ऑर्थोही ती अट पाळतो. अचूकतेचं कलम शोधा. ते नसेल तर व्हेंडरने कोटेशनमध्ये किंवा रिपोर्टमध्ये स्वतः केलेला दावा उद्धृत करा. आणि सहा पॉइंटांच्या जोरावर ‘मानकानुसार अचूकता नापास’ असं लिहू नका. एएसपीआरएस या अमेरिकी फोटोग्रामेट्री संस्थेच्या २०२३ च्या मानकात असा दावा करायला किमान ३० चेकपॉइंट लागतात. तीन मीटरचं सरकणं दाखवायला सहा पुरेत, मानकाचा निवाडा द्यायला नाहीत.

चूक: स्वतःच सरकवून घेणं, किंवा नुसतं ‘पुन्हा उडवा’ म्हणणं

जिओरेफरन्सरमध्ये ऑर्थो ढकलून जागेवर आणण्याचा मोह होतो. मग त्याच कामाचे डीएसएम, काँटूर आणि पॉइंट क्लाउड जुन्याच जागी राहतात आणि पुढे कोणीतरी दोन्ही एकत्र वापरतं. शिवाय तपासायला मूळ फाइल उरत नाही. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा.

पुन्हा उड्डाण बऱ्याचदा लागतही नाही. बेस चुकलेला असेल तर बेसची किंमत दुरुस्त करून जिओटॅग सुधारता येतात आणि त्याच फोटोंवर प्रोसेसिंग पुन्हा करता येतं. मागणी तशीच करा:

> महोदय,
>
> आपण दिलेल्या ऑर्थोमोझॅकची सहा कंट्रोल पॉइंटवर तपासणी केली. फरक ‘ऑर्थो वजा कंट्रोल’ असा काढला आहे. तक्ता सोबत आहे. सर्व पॉइंटवर ऑर्थो सरासरी १.८३ मी. पूर्वेला व २.३२ मी. दक्षिणेला आढळतो. सरासरी वगळता उरणारा फरक कोणत्याही दिशेत ४ सें.मी.च्या आत आहे. कंट्रोल पॉइंट ३ स्वतंत्र स्टॅटिक ऑब्झर्व्हेशनने पडताळला असून तो २ सें.मी.च्या आत जुळतो. दोन्ही संच एकाच कोऑर्डिनेट सिस्टीममध्ये आहेत.
>
> यावरून बेस स्टेशनच्या कोऑर्डिनेटमध्ये चूक असण्याची शक्यता वाटते. कृपया बेसचा कच्चा लॉग, प्रोसेसिंगमध्ये वापरलेली बेसची किंमत व ती कशी मिळवली याचा तपशील, मूळ जिओटॅगसह फोटो, जीसीपीची यादी आणि पूर्ण प्रोसेसिंग रिपोर्ट पाठवावा. कारण निश्चित झाल्यावर ऑर्थोमोझॅक, डीएसएम, काँटूर व पॉइंट क्लाउड हे सर्व एकाच दुरुस्त प्रोसेसिंगमधून नव्याने द्यावेत. केवळ ऑर्थोमोझॅक सरकवून दिलेला स्वीकारता येणार नाही.

‘शक्यता वाटते’ हे शब्द मुद्दाम आहेत. कारण चुकीचं ठरलं तरी तक्ता खराच राहतो, आणि भांडण तक्त्यावर व्हावं, तुमच्या अंदाजावर नाही.

चूक: हातातले सगळे पॉइंट देऊन टाकणं

दुरुस्तीसाठी व्हेंडर तुमचेच पॉइंट जीसीपी म्हणून वापरेल. त्यात गैर काही नाही, पण मग त्याच पॉइंटवर नवा ऑर्थो जुळणारच. तुमच्याकडे नऊ पॉइंट असतील तर पत्रात सहा द्या, तीन राखून ठेवा. तेही साइटच्या वेगवेगळ्या भागांतले. नवी फाइल आली की आधी या तिघांवर मोजा. तिथेही फरक काही सेंटिमीटरातच निघाला, तर काँटूर आणि डीएसएम त्याच ठिकाणी तपासा आणि मगच बिलावर सही करा.