निगेटिव्ह रिपोर्ट आणि लॉग ऑड्सचा हिशोब: या चुका टाळा

कोविडच्या काळातली रॅपिड अँटिजेन टेस्ट आठवते ना? आयसीएमआरने जून 2020 मध्ये तिला परवानगी दिली तेव्हाच सांगितलं होतं, की लक्षणं असलेल्या माणसाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर आरटी-पीसीआर करावीच. का, ते लॉग ऑड्सच्या बेरजेत दोन ओळींत दिसतं. पण ही बेरीज चुकवायला फार वाव आहे.

आधी आकडे धरू. त्या वेळच्या तपासणीत टेस्टची सेन्सिटिव्हिटी 50.6 ते 84 टक्के आणि स्पेसिफिसिटी 99.3 ते 100 टक्के आढळली होती. सेन्सिटिव्हिटी म्हणजे आजाऱ्यांपैकी किती जणांना टेस्ट पकडते, आणि स्पेसिफिसिटी म्हणजे निरोग्यांपैकी किती जणांना ती बरोबर निगेटिव्ह दाखवते. हिशोबासाठी मी 70 आणि 99 घेतो. घरात एक जण पॉझिटिव्ह आहे आणि आपल्यालाही ताप-खोकला आहे, म्हणून टेस्टआधीची शक्यता 40 टक्के समजू. म्हणजे ऑड्स 40 : 60, किंवा 0.667. याचा 10 पायाचा लॉग घेऊन 10 ने गुणलं की −1.8. या एककाला डेसिबॅन म्हणतात. टेस्टच्या निकालाचे डेसिबॅन यात मिळवले की टेस्टनंतरचे ऑड्स मिळतात. दुसऱ्या महायुद्धात एनिग्मा फोडताना ॲलन ट्युरिंग पुरावा याच मापात मोजत असे. आकडे सुटसुटीत राहतात म्हणून मलाही तेच आवडतं.

पॉझिटिव्हचाच आकडा वजा करणं. सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. पॉझिटिव्हचा लाइकलिहूड रेशो, म्हणजे आजाऱ्याला पॉझिटिव्ह येण्याची शक्यता भागिले निरोग्याला ती येण्याची शक्यता: 0.70 / 0.01 = 70, डेसिबॅनमध्ये +18.5. मग निगेटिव्ह आल्यावर लोक बिनधास्त 18.5 वजा करतात. उत्तर येतं −20.3, शक्यता एक टक्क्याच्याही खाली, आणि माणूस निवांत घरच्यांमध्ये मिसळतो.

निगेटिव्हचा रेशो वेगळा काढावा लागतो. आजारी माणसाला निगेटिव्ह येण्याची शक्यता 0.30, निरोग्याला 0.99. भागाकार 0.303, म्हणजे फक्त −5.2. बेरीज −7.0, आणि शक्यता सुमारे 17 टक्के. सहातला एक! ही टेस्ट ‘आहे’ म्हणताना जोरात बोलते आणि ‘नाही’ म्हणताना पुटपुटते. दोन्ही आवाज सारखे धरले की घोळ होतो.

शंका आली तर माणसं मोजा. अशा 1000 जणांत 400 आजारी, त्यांतले 120 निगेटिव्ह. 600 निरोगी, त्यांतले 594 निगेटिव्ह. 120 भागिले 714, म्हणजे 16.8 टक्के. बेरजेचं उत्तर याच्याशी जुळलं नाही, तर बेरीज चुकली आहे.

```python
from math import log10
db = lambda x: 10 * log10(x)
s = db(0.40/0.60) + db(0.30/0.99)
o = 10 ** (s/10)
print(o / (1 + o))   # 0.168
```

इथे `log10` च्या जागी `log` लिहिलं तर तो नैसर्गिक लॉग होतो. मग उलट फिरवतानाही `exp` हवा. एकीकडे हा आणि दुसरीकडे तो असं झालं, की उत्तर दिसायला शहाणं पण चुकीचं येतं.

ऑड्सऐवजी शक्यतेचाच लॉग घेणं. 40 टक्क्यांसाठी थेट 0.40 चा लॉग घेतला की −4.0 मिळतात. रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर उत्तर 12 टक्के येतं, आणि ते खपूनही जातं. पॉझिटिव्हवर मात्र बिंग फुटतं: 0.40 गुणिले 70, म्हणजे 28. शक्यता 2800 टक्के! म्हणून हिशोबाची नवी शीट बनवली की आधी पॉझिटिव्ह घालून पाहावं. आजार विरळ असेल, समजा हजारात एक, तर ऑड्स आणि शक्यता जवळपास सारखेच असल्यामुळे सुरुवातीला ही चूक कळतच नाही.

एकाच पुराव्याची दोनदा बेरीज. पहिली निगेटिव्ह आली, लगेच तशीच दुसरी केली, तीही निगेटिव्ह. पुन्हा −5.2 मिळवले तर −12.2, म्हणजे सहा टक्क्यांहून कमी. पण पहिली टेस्ट का चुकली असेल? कदाचित नाकातला विषाणू अजून कमी होता. मग तासाभरात केलेली दुसरी टेस्टही त्याच कारणाने चुकेल. पहिलीतून निसटलेल्या आजाऱ्यांपैकी दुसरी फक्त 20 टक्के पकडते असं धरा: रेशो 0.80 / 0.99, म्हणजे −0.9. शक्यता 17 वरून जेमतेम 14 वर येते.

दुसऱ्या टेस्टचा रेशो काढताना ‘पहिलीचा निकाल माहीत असताना’ ही अट लावायची असते. ताप-खोकल्याचंही तेच. 40 टक्क्यांत तो आधीच मोजला आहे, त्याचे वेगळे डेसिबॅन मिळवायचे नाहीत. आरटी-पीसीआर जास्त संवेदनशील आहे, त्यामुळे तिचं निगेटिव्ह बरंच खाली खेचतं. पण स्वॅबच नीट घेतला गेला नसेल आणि त्याच नमुन्यावर ती केली, तर तिचेही पूर्ण गुण देऊ नका.