ओव्हरच्या वेळचं भांडण कसं सोडवावं: नर्सिंग मॅनेजमेंटच्या असाइनमेंटसाठी एक केस

माझ्या पाहण्यातली वॉर्डातली निम्मी भांडणं सकाळच्या ओव्हरला झाली आहेत. रात्रपाळीची सिस्टर बारा तास राबून दमलेली असते, सकाळपाळीची घरचे डबे भरून धावत आलेली असते. म्हणून असाइनमेंटला ‘संघर्ष व्यवस्थापन’ आलं असेल तर पाच पानं व्याख्या लिहू नका. एकच भांडण घ्या आणि ते शेवटपर्यंत सोडवून दाखवा. मी इन्चार्ज होते तेव्हाचं हे एक.

स्त्री मेडिकल वॉर्ड, 38 पेशंट, रात्रीला एकटी ज्युनिअर सिस्टर. सकाळच्या सीनिअर सिस्टर आठऐवजी 8:25 ला आल्या. बेड नंबर 14 च्या कागदावर सहाच्या अँटिबायोटिक इंजेक्शनपुढे सही नव्हती. सीनिअर म्हणाल्या, “रात्रभर झोपा काढता काय?” ज्युनिअर म्हणाली, “तुम्ही वेळेवर आला असता तर सह्या बघायला तुम्हाला वेळ मिळाला असता.” नातेवाईक उठून बसले, मावशी झाडू टेकवून ऐकू लागल्या.

आधी पेशंट, मग भांडण

या क्षणी कोण बरोबर हे ठरवायला जाऊ नका. मी एवढंच म्हणाले, “दोघी थांबा. चौदा नंबरला इंजेक्शन गेलंय का, एवढंच सांगा.” दिलं होतं, सही राहिली होती. सही नाही म्हणजे डोस गेलाच नाही असं धरून सकाळच्या सिस्टरने पुन्हा दिलं असतं तर पेशंटला दुप्पट डोस गेला असता. म्हणून देणारीला विचारल्याशिवाय, आणि तरीही शंका राहिली तर डॉक्टरांना कळवल्याशिवाय, पुढचं पाऊल नाही. नोंदही उशिराची नोंद म्हणूनच, आत्ताची वेळ घालून करायला लावली. मागची वेळ टाकून गुपचूप सही करू दिली असती तर आणखी एक भांडण पेरलं गेलं असतं.

दोघींना वेगवेगळं ऐका

इथे माझी एक जुनी चूक सांगते. पूर्वी अशाच एका प्रसंगात मी दोघींना लगेच ड्युटी रूममध्ये समोरासमोर बसवलं होतं, दार उघडं ठेवून. दुपारपर्यंत ती गोष्ट ओपीडीच्या मामांपर्यंत पोचली आणि दोघींनाही माघार घेणं अशक्य झालं. तेव्हापासून आधी प्रत्येकीला एकटीला ऐकते: त्याच दिवशी, दहा मिनिटं, दार बंद. रात्रपाळीवालीला मात्र थांबवून घ्यायचं नाही. ती संध्याकाळी ड्युटीवर आली की बोलायचं.

प्रश्न दोनच विचारा. “काय झालं ते क्रमाने सांग” आणि “हे पहिल्यांदाच झालं का?” दुसऱ्या प्रश्नाला खरी माहिती बाहेर येते. ज्युनिअरने सांगितलं की पहाटे पाचला नवीन ॲडमिशन आली, साडेपाचपासून रक्ताचे नमुने, सहाची इंजेक्शनं, शुगर, इनटेक-आउटपुटची बेरीज, सगळं तिच्या एकटीवर. आणि 8:40 ची एसटी चुकली की पुढची दहाला. मग थोडं थांबून म्हणाली, “गौरीच्या सणाला मी ऑफ मागितला होता. त्यांना मिळाला, मला नाही.”

म्हणजे मूळ तिथे होतं. सीनिअरला विचारलं तर त्यांना याची कल्पनाही नव्हती. आदल्या रात्री आठला संध्याकाळपाळी संपवून सकाळी पुन्हा आठला हजर व्हायचं, असं त्यांना त्या आठवड्यात तीनदा लागलं होतं. ऑफ ड्युटी लिस्ट लावली होती मी. दोघींच्या भांडणात तिसरी पार्टी मीच होते, हे कबूल करायला मला एक रात्र लागली.

समोरासमोर बसवताना वाक्यं तयार ठेवा

यासाठी DESC म्हणजेच ‘डेस्क’ ही पद्धत उपयोगी पडते. शॅरन आणि गॉर्डन बाउअर यांनी ती 1976 मध्ये मांडली. चार टप्पे: काय घडलं ते सांगा, त्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला ते सांगा, नेमकं काय हवं ते मागा, आणि तसं झालं तर काय साधेल ते सांगा. “तुम्ही रोजच उशिरा येता” या वाक्यात ‘रोजच’ हा शब्द आला की समोरची व्यक्ती वेळेवर आलेले दिवस मोजायला लागते. त्याऐवजी ज्युनिअरने असं म्हटलं:

“मॅडम, या आठवड्यात सोमवारी, बुधवारी आणि आज ओव्हर 8:25 ला सुरू झाली. माझी एसटी चुकते आणि रात्रीच्या ड्युटीसाठी झोप होत नाही. ओव्हर 8:05 ला सुरू झाली तर बरं होईल. मग मी बेडजवळ उभं राहून प्रत्येक कागद तुम्हाला दाखवून जाईन.”

चौथा टप्पा आपल्याकडे हमखास बिघडतो. तिथे “नाहीतर मेट्रनकडे जाते” असं तोंडातून निघतं आणि आधीचं सगळं वाया जातं.

आपल्या वॉर्डात ज्युनिअर सीनिअरला आपणहून असं बोलत नाही. म्हणून पहिलं बोलणं ज्युनिअरचं, आणि तिचं संपेपर्यंत कोणी मध्ये बोलायचं नाही, हा नियम इन्चार्जनेच घालायचा. नंतर सीनिअरला आधी ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत सांगायला लावायचं. आमच्या सीनिअर म्हणाल्या, “म्हणजे माझ्यामुळे तुला घरी जायला दुपार होते.” तिथे आवाज खाली आले.

ठरलं ते लिहा आणि मोजा

आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. ओव्हर 8:05 ला, आणि सुरू झाल्याची वेळ रिपोर्ट बुकात. पाचनंतर ॲडमिशन आली तर राहिलेले तातडीचे नसलेले नमुने सकाळपाळी घेईल, पण कोणाचे राहिले ते लिहून ठेवायचं. संध्याकाळपाठोपाठ सकाळ ही जोडी लिस्टमधून शक्य तितकी काढायची, आणि सणाचे ऑफ गेल्या वर्षी कोणाला मिळाले याचा तक्ता भिंतीवर लावायचा. पंधरा दिवसांनी वही उघडली. दोन दिवस उशीर होता, सहीची एकही जागा रिकामी नव्हती.

38 पेशंटना एकटी सिस्टर हा प्रश्न मात्र बोलून सुटत नाही. त्यासाठी वहीतले आकडे जोडून मेट्रनना लेखी पत्रच द्यावं लागतं. जातीवरून शिवीगाळ, धमकी, औषधांचा हिशेब न लागणं, यातही मध्यस्थी करत बसू नका, ते लगेच वर कळवा. लैंगिक छळाची तक्रार असेल तर 2013 च्या कायद्याप्रमाणे ती अंतर्गत समितीकडे जाते. “आपसात मिटवा” असं सांगायचा अधिकार इन्चार्जला नाही.

असाइनमेंटमध्ये मांडताना

लुई पाँडी यांनी 1967 मध्ये सांगितलेले टप्पे या केसवर सरळ बसतात. गौरीचा ऑफ आणि एकटीची रात्रपाळी हा सुप्त संघर्ष, अन्याय झाल्याची जाणीव आणि मग आतली धुसफूस हे पुढचे दोन टप्पे, बेडजवळची बाचाबाची हा उघड संघर्ष, आणि नंतर उरलं ते त्याचे पडसाद. थॉमस आणि किलमन यांच्या 1974 च्या पाच पद्धती सुट्या लिहिल्या की उत्तर कोरडं होतं. त्या कुठे वापरल्या ते दाखवा. “दोघी थांबा” ही हुकमाची पद्धत, पेशंटचा धोका असताना तीच योग्य. नमुन्यांची वाटणी ही तडजोड. लिस्ट बदलणं हे सहकार्य. आणि गौरीची नाराजी मला दिसत असूनही मी महिनाभर गप्प बसले, ते टाळणं.

पुढच्या वर्षी गौरीला ज्युनिअर गावी गेली. त्या रात्रीची ड्युटी सीनिअरनी केली, आणि सकाळी ओव्हर घ्यायला मीच दहा मिनिटं उशिरा पोचले. त्यांनी काही न बोलता वहीत वेळ लिहिली: 8:15.